उत्तर: बारा माळा, एक बोर्ड

"बारा एलईडी माळा एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर चालतील का?"

लोडचं म्हणाल तर आरामात. पाकिटावर माळेचे ५ वॅट असतील, तर बारांचे ६०. भागिले २३० व्होल्ट, म्हणजे जेमतेम पाव अँपिअर. बोर्ड ६ अँपिअरचा. (जुन्या बल्बच्या माळांचा हिशोब वेगळा.)

माझा बोर्ड माळांनी नाही, इस्त्रीने जळाला. रिकामं सॉकेट दिसलं म्हणून १००० वॅटची इस्त्री लावली, म्हणजे साधारण ४.३ अँपिअर. बेरीज ६ च्या आतच होती! पण सॉकेटची पकड सैल होती आणि ढिल्या जोडावर उष्णता होते. पिनांभोवतीचं प्लास्टिक तपकिरी पडलं, तरी एमसीबी पडला नाही. त्याला जादा करंट कळतो, ढिला जोड नाही. आता अर्ध्या तासाने प्लग चाचपतो. गरम लागला की ते सॉकेट बाद.