‘प्युअर थर्ड’ला शुद्ध गंधार म्हणायचं का?

शब्दवेडी (सोलापूर): इथल्या एका शाळेत मुलांना स्ट्रिंग क्वार्टेटचं, म्हणजे व्हायोलिन-चेलोसारखी गजाची वाद्यं वाजवणाऱ्या चौघांचं, रेकॉर्डिंग ऐकवणार आहेत, त्याचं माहितीपत्रक मी मराठीत करतेय. मी लिहिलं, ‘साथ नसल्यामुळे चौघांना शुद्ध गंधार वाजवता येतो, म्हणून तो जास्त गोड लागतो.’ गाणं शिकवणाऱ्या माझ्या मावशीने लगेच खोडलं: “मग पियानोवर काय कोमल गंधार वाजतो?” आता ‘प्युअर’ला काय लिहू? आणि ‘इक्वल टेम्परामेंट’ला?

पेटीवाले काका: साथच नाही तर ठेका कोण धरणार? बिनठेक्याचं गोड लागतं हे मला पटत नाही.

शब्दवेडी: काका, तबल्याचं नाही हो. पियानो नाही, एवढंच.

मागवाला: टेम्पर म्हणजे पोलादाला पाणी देणे. तेव्हा ‘पाणी दिलेलं सप्तक’!

गजकरी: मूळ लॅटिन शब्द प्रमाणात मिसळण्याचा आहे, पोलादाचा अर्थ नंतरचा. पण पाणी मिसळलेलं म्हणालात तर चुकणार नाही. पियानोत सप्तकाचे बारा सारखे भाग करतात, तेच इक्वल टेम्परामेंट. त्यात पंचम जेमतेम हलतो, पण गंधार चढतो. एका सुराच्या सुमारे सातव्या भागाइतका.

पेटीवाले काका: चौदावा भाग म्हणा.

गजकरी: पूर्ण सुराचा चौदावा, अर्ध्या सुराचा सातवा. मी अर्धा सूर धरला होता, लिहायला हवं होतं. पांढरी एक आणि पांढरी तीन एकत्र दाबून धरा, वर बारीक थरथर ऐकू येईल, सेकंदाला दहाएक. खालच्या सुराचा पाचवा उपस्वर आणि वरच्याचा चौथा एकाच जागी यायला हवेत, ते थोडक्यात चुकतात. जुळले की थरथर थांबते. गोडवा म्हणतात तो हाच. मात्र वादकाने बोट थरथरवलं तर यातलं काही कळणार नाही, लांब आणि सरळ सूर ऐका.

पेटीवाले काका: अरेच्चा! माझ्या पेटीचा गंधार तंबोऱ्यापुढे चढा लागतो म्हणून कारागिराला दोनदा बोल लावले मी.

गजकरी: कारागीर निर्दोष. त्याने पांढरी तीनची पत्ती घासून उतरवली असती, तर पांढरी सहाला गाणाऱ्या बाई आल्यावर तीच पट्टी त्यांचा पंचम झाली असती, आणि तो ढळढळीत उतरलेला.

मावळतीचा षड्ज: मग शब्द तयारच आहे की. तंबोऱ्यातून आपोआप ऐकू येतो तो ‘स्वयंभू गंधार’. आणि कृपया ‘गांधार’ लिहा, देशाच्या नावावरून आलाय.

शब्दवेडी: आमच्याकडे सगळे गंधारच म्हणतात.

मावळतीचा षड्ज: आमच्याकडे सगळे चादरीला ‘चद्दर’ म्हणतात, म्हणून छापायचं का?

मागवाला: चद्दरला नावं ठेवू नका!

गजकरी: स्वयंभू सुंदर आहे, पण तंबोऱ्याचा षड्ज बसून राहतो. क्वार्टेटमध्ये तो दर दोन मात्रांनी हलतो. व्हायोलिनची एक शिकवणी सांगतो. तारा शुद्ध पंचमांनी लावलेल्या, वरची ‘ए’ सेकंदाला 440 कंपनांची, मग खालची ‘जी’ 195.6 येते. मधल्या ‘डी’ तारेवर पहिलं बोट ठेवून ‘ई’ काढा. मोकळ्या ‘ए’बरोबर स्वच्छ जुळवलीत तर ती 330 भरते. बोट न हलवता आता मोकळ्या ‘जी’बरोबर वाजवा, कणसूर! बोट किंचित मागे घ्यावं लागतं, 326 पर्यंत. दोन्ही वेळा ‘ई’च, दोन्ही वेळा बरोबर. म्हणजे शुद्ध असतं ते नातं, सूर नव्हे. माझी तक्रार ‘शुद्ध’ या शब्दाबद्दल आहे ती एवढीच.

शब्दवेडी: मग ‘मिळालेला गंधार’?

मावळतीचा षड्ज: ‘षड्ज-गांधार भाव’ असा जुना शब्द असताना?

शब्दवेडी: सातवीच्या मुलांसाठी?

पेटीवाले काका: पण चौघेही बोटं सरकवत बसले तर शेवटी पट्टीच घसरेल ना?

गजकरी: घसरू शकते. म्हणून कोणीतरी मोकळ्या तारेच्या सुराला धरून राहतं, बहुतेक वेळा चेलो. पण तिथेही फसगत आहे. चेलोची खालची ‘सी’ ते व्हायोलिनची वरची ‘ई’ चार शुद्ध पंचमांनी गाठलीत, तर तो गंधार पियानोपेक्षाही चढा निघतो. म्हणून काही क्वार्टेट आपले पंचम मुद्दाम थोडे आवळून लावतात. आणि धून एकट्याची असेल तर वादक गंधार उलट चढाच घेतात, कानाला तो तसा धारदार आवडतो.

मावळतीचा षड्ज: म्हणजे शुद्ध क्वार्टेटही शुद्ध नाही. वा!

शब्दवेडी: छपाई उद्या आहे हो. मावशी म्हणते ‘सुरेल’ लिही.

पेटीवाले काका: मग पियानो काय बेसूर?