मदत हवी आहे: सूर्यबिंब इथे शब्द की निर्धारक?

प्राचीन इजिप्तच्या चित्रलिपीतल्या ‘मृतांच्या पुस्तका’तली ‘र न परत म हरू’, म्हणजे ‘दिवसा बाहेर येण्याचा मंत्र’, ही ओळ वाचतोय. पहिलं तोंडाचं चिन्ह खाली उभी रेघ घेऊन येतं, म्हणून ते अर्थचिन्ह: मंत्र. ‘परत’मध्ये घराचं चिन्ह ‘पर’ हा ध्वनी देतं. त्याखालचं तोंड फक्त त्यातला ‘र’ पक्का करतं, वेगळं वाचायचं नाही. शेवटचे चालते पाय निर्धारक, म्हणजे फक्त अर्थाचा गट दाखवणारे, त्यांना उच्चारच नाही. इथवर ठीक.

पण माझ्या फोटोत ‘हरू’ची ध्वनिचिन्हं नाहीतच, नुसतं सूर्यबिंब आणि रेघ. मग ते निर्धारक न राहता पूर्ण शब्द झालं ना? आणि ‘रा’ देव न वाचता ‘दिवस’ वाचायचं, हे केवळ संदर्भावरून ठरवायचं की लिखाणात काही खूण असते? जाणकारांनी कृपया सांगा.