'छाननी, तयार करणे व कळवावा': एका वाक्यात तीन वळणं

चाफेकळी: सोसायटीच्या अहवालात मी लिहिलंय, 'सचिवांनी अर्जांची छाननी, पात्र सभासदांची यादी तयार करणे व निकाल सर्वांना कळवावा.' वाचताना ठेच लागते, पण नेमकी कशाला ते कळत नाही.

रानवारा: 'छाननी' जड आहे. 'तपासणी' करा.

जुना मुद्रितशोधक: शब्द बदलून ठेच जाणार नाही. 'सचिवांनी'पुढे एकेक तुकडा ठेवून वाचा. 'सचिवांनी निकाल कळवावा' नीट बसतं. 'सचिवांनी यादी तयार करणे' लटकतं, आणि 'सचिवांनी छाननी' याला क्रियापदच नाही. आपलं क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे वाचणारा सगळे तुकडे धरून त्याची वाट बघतो, आणि 'कळवावा' आलं की ते एकट्या निकालाला लागतं. म्हणून 'अर्जांची छाननी करावी, यादी तयार करावी व निकाल कळवावा.' 'करावी' दोनदा आलं म्हणून घाबरू नका. ते नको असेल तर 'छाननी करणे, यादी तयार करणे व निकाल कळवणे ही कामे सचिवांनी करावीत.'

अप्पा: म्हणजे यादीत प्रत्येकाला सारखा प्रत्यय हवाच. 'पुणे, सातारा व कोल्हापूरला' चूक.

जुना मुद्रितशोधक: नाही अप्पा, शेवटच्यालाच प्रत्यय लावणं मराठीत रुळलेलं आहे. 'पुण्याला, सातारा व कोल्हापूरला' ही मिसळ मात्र खटकते. खरा घोळ वेगळाच. 'मंडळाने तांदूळ, ज्वारी व नाचणीचे पीठ वाटले.' पीठ एकट्या नाचणीचं की तिन्हींचं? तिन्हींचं असेल तर 'तांदूळ, ज्वारी व नाचणी यांचे पीठ' लिहा. नाचणीचंच असेल तर ते पुढे आणा, 'नाचणीचे पीठ, तांदूळ व ज्वारी.' हिशेबाच्या कागदावर हा फरक महागात पडतो.

हिरकणी: माझी वेगळीच तक्रार. मी लिहिलं, 'आमच्या शाळेचा निकाल शेजारच्या शाळेपेक्षा चांगला लागला.' मुख्याध्यापकांनी 'शाळेच्या निकालापेक्षा' केलं. एका ओळीत दोनदा 'निकाल'! हे बरोबर आहे का?

जुना मुद्रितशोधक: त्यांच्या बाजूने आहे मी. निकालाची तुलना निकालाशीच व्हावी. तुमच्या वाक्यात कुणाचा गैरसमज होणार नाही, हे खरं. पण 'सुमनचा मुलगा वसंतपेक्षा उंच आहे' घ्या. वसंतपेक्षा, की वसंतच्या मुलापेक्षा? पुनरुक्ती टाळायचीच तर 'शेजारच्या शाळेच्यापेक्षा' म्हणता येतं.

अप्पा: 'शाळेच्यापेक्षा' आमच्याकडे बोलण्यात सर्रास आहे. छापलेलं मात्र मला अजून पटत नाही.

हिरकणी: मलाही. मग दोनदा 'निकाल'च राहू दे.

चाफेकळी: माझं वाक्य 'करावी' घालून सुधारलं. आता पुढच्याच पानावर 'अध्यक्ष, सचिव व खजिनदारांनी सह्या केल्या' दिसतंय. खजिनदार आमच्याकडे एकच आहेत, पण वाचणाऱ्याला ते अनेक वाटतील का?

जुना मुद्रितशोधक: वाटू शकतील. 'खजिनदार यांनी' करा.