मदत हवी आहे: आई मासे खाते, रोज उन्हात बसते, तरी ड जीवनसत्त्व कमी कसे?

पायरीवरची
आम्ही रत्नागिरीजवळच्या एका बंदराच्या गावात राहतो. आईचे वय 61 आहे. गेल्या आठवड्यातील रक्ततपासणीत तिचे ड जीवनसत्त्व 13 नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर आले. डॉक्टरांनी दिलेले औषध सुरू आहे, त्यामुळे डोस विचारायचा नाही. माझे कोडे वेगळे आहे. सोमवार, गुरुवार आणि शनिवार सोडले तर आमच्या घरी मासळी असतेच, आणि आई रोज सकाळी साडेसातला अंगणाच्या पायरीवर बसून अर्धा तास तांदूळ निवडते. मग कमतरता आली कुठून, आणि ती आहारातून भरून निघेल का?

मालवणचा काका
ताई, कोवळे ऊन उत्तमच, ते सोडू नका. बांगडा आणि तारली वाढवा. तेलकट मासळीत ड जीवनसत्त्व भरपूर असते, पापलेटात फारसे नसते.

सेवानिवृत्त आहारतज्ज्ञ
काकांचे मासळीबद्दलचे म्हणणे बरोबर आहे, उन्हाबद्दलचे मात्र नाही. हे जीवनसत्त्व आपल्या त्वचेतील कोलेस्टेरॉलच्या एका पूर्वरूपापासून तयार होते, पण त्यासाठी अतिनील किरणांचा जो पट्टा लागतो तो सूर्य क्षितिजाजवळ असताना हवेच्या जाड थरातच शोषला जातो. साडेसातचे ऊन अंगाला सुखावते, पण या कामासाठी त्याचा उपयोग जवळजवळ शून्य आहे. खिडकीच्या काचेतून आलेल्या उन्हाचेही तसेच आहे. सोपी खूण म्हणजे सावली: ती आपल्या उंचीपेक्षा लांब असेल, तर फारसे काही बनत नाही. तुमच्या अक्षांशावर डिसेंबरातही दुपारची सावली उंचीपेक्षा आखूडच राहते, म्हणजे आपल्याकडे ऊन कमी पडत नाही, आपली वेळ चुकते.

आता अन्नाचे. भाजी, डाळ, तांदूळ यांत ते जवळपास नसतेच, कारण वनस्पतींमध्ये ते पूर्वरूप जेमतेम असते. माशांत ते समुद्रातील सूक्ष्म प्लवकांपासून एकाने दुसऱ्याला खात चढत जाते आणि चरबीत साठते. म्हणूनच कॉड माशाचे मांस नव्हे, तर त्याच्या यकृताचे तेल प्रसिद्ध झाले. आयसीएमआरने 2020 मध्ये प्रौढांसाठी रोज 600 आययूची शिफारस केली. एका अंड्यात साधारण 40 आययू, म्हणजे ती गरज केवळ अंड्यांवर भागवायची तर रोज पंधरा अंडी लागतील. पोषक द्रव्ये मिसळलेल्या दुधात लिटरला 200 ते 300 आययू असतात. साध्या दुधात त्याहून पुष्कळच कमी.

वेंगुर्ल्याची सून
माझ्या सासूबाईंचे गुडघे खूप दुखतात. त्यांना कॅल्शियम सुरू करावे का?

सेवानिवृत्त आहारतज्ज्ञ
ताई, तो प्रश्न वेगळा आहे. त्यांना तपासल्याशिवाय सांगता येणार नाही.

मालवणचा काका
मग बांगड्याचे किती? मी एका तक्त्यात 100 ग्रॅमला 640 आययू वाचले होते.

सेवानिवृत्त आहारतज्ज्ञ
तो आकडा अटलांटिक महासागरातील बांगड्याचा आहे. आपला बांगडा वेगळ्या जातीचा, आणि त्याची चरबी हंगामानुसार बदलते, म्हणून तो आकडा आपल्या ताटाला लावू नका. शिवाय 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते आणि त्याच दिवसांत आभाळही भरलेले असते. दोन्ही दारे एकदम मिटतात. आईंचा अहवाल पावसाळ्यानंतरचा असेल, तर यात नवल नाही. भर म्हणजे वयानुसार त्वचेतील ते पूर्वरूप घटते, सावळ्या त्वचेला जास्त वेळ लागतो, आणि साडीत चेहरा आणि हात एवढेच उघडे राहतात.

गुहागरचा विद्यार्थी
मग दुपारी तासभर बसले तर चालेल का? जास्त झाले तर विषबाधा होते असे ऐकले आहे.

सेवानिवृत्त आहारतज्ज्ञ
उन्हाने ती होत नाही, कारण ठरावीक मर्यादेनंतर त्वचा जास्तीचा भाग निरुपयोगी पदार्थांत बदलते. ती भीती मनाने घेतलेल्या गोळ्या आणि इंजेक्शनांची आहे. पण तासभर बसण्याची गरज नाही, त्वचा भाजली तर नुकसानच होते. आठवड्यातून काही दिवस, हातपाय उघडे ठेवून, थोडाच वेळ पुरे. नेमकी मिनिटे प्रत्येकाच्या त्वचेनुसार वेगळी असतात.

पायरीवरची
आज स्वतः मोजले. साडेसातला आईची सावली पायरीपासून तुळशीवृंदावनापर्यंत गेली होती, तिच्या उंचीच्या जवळपास चौपट. सव्वाबाराला ती अर्ध्या उंचीचीही नव्हती. तांदूळ निवडण्याची वेळ आता बदलते आहोत. अहवाल ऑक्टोबरचाच होता.

एक शंका राहिली. शाकाहारी शेजारणीला मी सांगितले की अळंबी चिरून दुपारच्या उन्हात ठेवली की तिच्यात ड जीवनसत्त्व वाढते. त्यावर तिने विचारले, मग आमच्या खळ्यात दिवसभर उन्हात वाळणाऱ्या सुक्या बांगड्यात ते वाढत नाही का? मला उत्तर देता आले नाही. कोणी सांगू शकेल का?