मल्याळी जिवलगांना ओणमच्या शुभेच्छा : आपले अनुभव लिहावेत

धागाकर्ती : माझ्या शाळेपासूनच्या मैत्रिणीचे कुटुंब त्रिशूरचे असून ते डोंबिवलीत स्थायिक झाले आहे. जालावरचे तयार चित्र तिला पुढे ढकलणे मला परके वाटते आणि मल्याळम परिच्छेद उतरवून पाठवणे उसने वाटते. आपण अशा वेळी काय लिहिता आणि केव्हा?

केवडा : माझे सासर पालक्काडचे आहे. अत्तम या पहिल्या दिवसापासून दहा दिवस दारात पूक्कळम म्हणजे फुलांची रांगोळी घातली जाते, पण मुख्य दिवस तिरुवोणमचा, तेव्हा संदेश त्या दिवशी सकाळी जावा. दुपारी सद्या म्हणजे केळीच्या पानावरचे सणाचे जेवण वाढत असताना फोन करू नये, कारण कोणाचेच हात मोकळे नसतात. 'ओणाशंसकळ' म्हणजे ओणमच्या शुभेच्छा, एवढे मल्याळम पुरेसे आहे, पुढचे सरळ मराठीत लिहावे. ओणम पुष्कळदा आपल्या वामनजयंतीच्या आसपास येतो, त्यामुळे काही मंडळी बळीला पाताळात ढकलणाऱ्या वामनाचे चित्र पाठवतात. ज्या घरी त्या दिवशी महाबलीच्या येण्याची वाट पाहिली जाते, तेथे ते खटकू शकते. आपण पाडव्याला ओवाळताना 'इडा पीडा टळो, बळीचे राज्य येवो' म्हणतो, ते मात्र मी सासऱ्यांना दरवर्षी लिहिते आणि ते नातेवाइकांना अर्थासह वाचून दाखवतात.

भटक्या : मी दक्षिणेकडील सर्व मित्रांना ओणमला एक आणि संक्रांतीला पोंगलचा एक असा संदेश पाठवतो, सण तेच असल्याने कोणी वाईट मानत नाही.

मद्रासी कापी : वाईट मानत नसतील, पण ओणम केरळचा आणि पोंगल तमिळांचा, तुमचा तेलुगू मित्र तर संक्रांतच म्हणेल. संक्रांतीच्या सुमारास पोंगल येतो, हे मात्र बरोबर आहे. चेन्नईत आमचे शेजारी त्या दिवशी भेटताच 'पाल पोंगिच्चा?' म्हणजे दूध उतू गेले का, असे विचारत, आणि माझ्या मते कोणत्याही छापील शुभेच्छेपेक्षा ही विचारपूस सरस आहे.

सुगरण : सद्याला बोलावले आहे. जेवण झाल्यावर केळीचे पान आपल्याकडे मिटायचे की समोर?

केवडा : आमच्याकडे आपल्या बाजूला मिटतात, परंतु याबाबत वेगवेगळे ऐकले आहे, यजमान काय करतात ते पाहावे. धागा मात्र शुभेच्छांचा आहे.

पैलतीर : माझ्या मित्राचे वडील गेल्या वर्षी निवर्तले. त्यांच्या घरी त्या वर्षी पूक्कळम नव्हते, म्हणून मी शुभेच्छा न देता, "आज अम्माला फोन करू का?" एवढेच विचारले. तो म्हणाला, "कर, ती वाट पाहत असेल."

धागाकर्ती : मैत्रिणीच्या आजी याच वैशाखात गेल्या. तरीही तिने ओणमसाठी कसवू साडी घेतल्याचे कळवले आहे. मग शुभेच्छा द्याव्यात का?

केवडा : किती काळ सण करायचा नाही, हे घरोघरी वेगळे असते. साडीबद्दल तिनेच सांगितले आहे, तर प्रथम साडीचेच विचारावे.