प्रतिसाद: दरमहा बचतीला आरडीच
"सात टक्के दोन्हीकडे, मग आरडीत व्याज निम्मंच का? दरमहा 5,000 कुठे टाकू?"

भाऊ, बँक फसवत नाही. 60,000 एकरकमी एफडीत वर्षभर राहिले तर 4,300च्या आसपास व्याज मिळतं. आरडीत पहिला हप्ताच बारा महिने राबतो, शेवटचा जेमतेम एक. म्हणून सुमारे 2,300. तुमच्याकडे 60,000 आज नाहीतच, तेव्हा आरडीच घ्या.

मी जळगावात नोकरीला. पगार सातला, हप्ता पाचला लावला होता. खात्यात शिल्लक नसायची, पासबुकात दोनदा दंडाची नोंद आली. हप्ता पगारानंतर दोन दिवसांनीच कापायला सांगा. मुदत संपली की ती रक्कम एफडीत टाका, नवी आरडी लगेच सुरू करा.