युरियात तांबड्या पेशी का फुटतात?

> ०.९% सलाइन आणि १.८% युरिया, दोन्हींची ऑस्मोलॅरिटी, म्हणजे विरघळलेल्या कणांचं एकूण प्रमाण, जवळपास ३०० मिलिऑस्मोल प्रति लिटर. मग युरियातच पेशी का फुटतात?

पेशीत पाणी शिरेल की बाहेर पडेल, म्हणजे द्रावणाची टॉनिसिटी, ठरते ती आत न शिरणाऱ्या कणांवर. युरिया पेशीपटलातल्या वाहक प्रथिनांतून एटीपी न खर्चता आत जातो, आणि त्याच्यामागून पाणी. आतलं हिमोग्लोबिन, पोटॅशियम मात्र आतच अडकलेलं, म्हणून पेशी फुगत जाऊन फुटते. सलाइनमधलं सोडियमही थोडं झिरपतंच, पण पंप एटीपी खर्चून दर फेरीला ३ सोडियम बाहेर फेकतो आणि २ पोटॅशियम आत घेतो, म्हणून तिथे पेशी फुगत नाही.

करून बघायचं तर दोन्ही द्रावणांत थोडं रक्त मिसळून नळीमागे छापील कागद धरा. सलाइनमध्ये गढूळपणामुळे अक्षरं दिसत नाहीत. युरियात काही सेकंदांत द्रावण लाल पण पारदर्शक होतं आणि ती वाचता येतात. हाच युरिया ०.९% सलाइनमध्ये विरघळवला, तर मात्र पेशी फुटत नाहीत.